डाव्या खुब्याचे ५६ अंश

चि. छकुलीच्या आईबाबांना,

आज १५ जुलैला सोनोग्राफी झाली तेव्हा बाळ रडत होतं, तुमचं लक्ष तिच्याकडे होतं आणि मी भराभर आकडे बोलून मोकळा झालो. घरी फाइल उघडल्यावर 'अल्फा ५६' वाचून झोप उडेल, म्हणून हे लिहून देतोय. आजीलाही वाचून दाखवा. मालिशवाल्या मावशींशी शेवटी बोलणार त्याच आहेत.

खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात बसलेला मांडीच्या हाडाचा गोळा. या वयात तो गोळा हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो. त्यामुळे तो एक्स-रेत दिसतच नाही. त्यात हाड धरायला साधारण चार ते सहा महिने लागतात. म्हणून आत्ता सोनोग्राफी. यात किरणोत्सर्ग नाही, तेव्हा परत करायला घाबरू नका.

फाइलमधलं डावीकडचं चित्र असं धरा की लांब, सरळ पांढरी रेघ उभी येईल. ती कमरेच्या हाडाची कड. तिच्या खाली जो करडा, ठिपक्याठिपक्यांचा गोल दिसतो तो गोळा, आणि त्याच्यावर तिरपं आलेलं पांढरं छप्पर म्हणजे वाटीचं हाड. उभी रेघ आणि हे छप्पर यांच्यातला कोन म्हणजे अल्फा. तो जितका मोठा, तितकं हाडाचं छप्पर गोळ्यावर जास्त आलेलं. छपराच्या पुढे कूर्चेची वळचण असते. तिचा उभ्या रेघेशी होणारा कोन बीटा, आणि तो जितका लहान तितका बरा.

ही मोजणी ऑस्ट्रियाचे डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमाराला रूढ केली. त्यांच्या हिशेबात अल्फा ६० किंवा जास्त असेल तर सांधा पक्व. छकुलीचा उजवा ६३, बीटा ५३. त्याची चिंता नाही. डावा ५६, बीटा ६४. म्हणजे साठाला चार कमी. पण ती आज बरोबर सहा आठवड्यांची आहे, आणि या वयाला निदान ५५ अपेक्षित असतात. अहवालात 'टाइप टू-ए प्लस' लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच: छप्पर अजून पूर्ण झालेलं नाही, पण वयाच्या मानाने वाटेवर आहे. गोळा वाटीतच आहे, आणि हाताने तपासताना तो निसटला नाही. माझ्या दृष्टीने ५६ पेक्षा ही गोष्ट मोठी.

हाच ५६ बारा आठवड्यांनंतर आला असता तर मी पट्टा सांगितला असता. ४३ च्या खाली गोळा जागेवरून सरकलेला असतो, तिथे थांबायचं नाही. आणि दोन अंशांसाठी भांडू नका, कारण दोन जणांनी मोजलं तर एवढा फरक पडतोच.

आईने विचारलं होतं, "माझं काही चुकलं का?" नाही. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं, पहिल्या बाळात जास्त, पायाळू बाळात जास्त, आणि डाव्या बाजूला जास्त. तुमच्या लेकीत चारही जुळून आलं. म्हणून तर तपासणी करून घेतली.

घरी दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका. हात गुंडाळले तर हरकत नाही, पण पाय बेडकासारखे वर-बाजूला मोकळे हवेत. मालिश करा, पण पाय ओढून सरळ करणं, उलटं धरून झटकणं बंद. मावशींना राग आला तर माझं नाव सांगा. छातीशी धरताना मांड्या फाकलेल्या राहू द्या. मान सावरली की कडेवर घ्या, आपली ही जुनी सवय खुब्याला छानच. दोन-दोन लंगोट बांधायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. त्याने काही होत नाही.

लंगोट बदलताना डावी मांडी उजवीइतकी उघडत नाही, किंवा गुडघे दुमडल्यावर एक खाली दिसतो, असं वाटलं तर तारखेची वाट पाहू नका, लगेच फोन करा. मांडीवरच्या वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसणं मात्र चांगल्या खुब्यातही दिसतं, त्यासाठी धावपळ नको.

पुढची सोनोग्राफी २६ ऑगस्टला, तेव्हा बारा आठवडे पूर्ण होतील. साठ गाठले तर उत्तम. नाही तर पाव्हलिकचा पट्टा काही आठवडे, घरीच, कापडी पट्ट्यांचा. पाय दुमडून बाजूला धरतो, दुखत नाही. ती वेळ आली तर बांधायचा कसा, ते बसून दाखवीन. गाव लांब आहे म्हणून तारीख पुढे ढकलू नका. येताना आजचे प्रिंट घेऊन या आणि खोलीत शिरण्याआधी बाळाला पाजून आणा. पोट भरलेलं बाळ शांत पडून राहतं, आणि मला रेघ सरळ मिळते.