विषय: बीजांकुरण प्रयोगाच्या असाइनमेंटसाठी २३ फेब्रुवारीपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत विनंती (तृतीय वर्ष बी.एस्सी., हजेरी क्रमांक ३४)

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

वनस्पती शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण दिलेली ‘क्षारतेचा गव्हाच्या बीजांकुरणावर होणारा परिणाम’ ही असाइनमेंट येत्या शुक्रवारी, १३ फेब्रुवारीला जमा करायची आहे. ती मला त्या दिवशी पूर्ण स्वरूपात देता येणार नाही. त्यासाठी सोमवार, २३ फेब्रुवारी, सकाळी १० वाजेपर्यंत मुदत वाढवून मिळावी, अशी आपल्याला नम्र विनंती आहे.

कारण असे की माझा पहिला प्रयोग फसला. शून्य, ५०, १००, १५० आणि २०० मिलीमोलर अशा मिठाच्या पाच पातळ्या, प्रत्येक पातळीच्या चार पेट्री डिश आणि प्रत्येक डिशमध्ये २५ बिया, अशा एकूण २० डिश मी ३० जानेवारीला लावल्या होत्या. २ ते ५ फेब्रुवारी असे चार दिवस मी तापाने अंथरुणावर होते आणि प्रयोगशाळेत येऊ शकले नाही. ६ तारखेला येऊन डिश उघडल्या तेव्हा २० पैकी १३ डिशमध्ये बुरशी पसरलेली होती. बियांभोवती पांढरे, कापसासारखे तंतू दिसत होते आणि काही ठिकाणी त्यांना करडी छटा आली होती. गाळणकागदावर पाणी साचलेले होते आणि अंकुर आलेल्या बियांचे मूलांकुरही तपकिरी पडले होते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

मात्र सगळा दोष आजारपणाला देणे प्रामाणिक ठरणार नाही. बिया निर्जंतुक करताना मी घाई केली होती. सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात त्या १० मिनिटे ठेवायच्या होत्या, पण मी दोनच मिनिटांत बाहेर काढल्या. शिवाय प्रत्येक डिशमध्ये १० मिलिलिटर द्रावण ओतल्यामुळे बिया जवळजवळ पाण्यात बुडाल्या. मी रोज येऊन पाहिले असते तर बाधित बिया वेळीच काढून टाकता आल्या असत्या हे खरे असले, तरी बुरशीला वाव सुरुवातीच्या माझ्या निष्काळजीपणामुळेच मिळाला.

उरलेल्या सात डिशवर काम भागते का, हे मी आधी पाहिले. त्यांत शून्य पातळीच्या तीन, ५० च्या दोन, १०० आणि १५० ची प्रत्येकी एक डिश आहे आणि २०० मिलीमोलरची एकही शिल्लक नाही. एकेका डिशवरून त्या पातळीतली विचलनाची कल्पनाच येत नाही, त्यामुळे आपण सांगितलेली अनोव्हा चाचणी या आकड्यांवर करण्यात अर्थ नाही. बुरशी लागलेल्या डिशमधली मोजणी धरली, तर अंकुरण मिठामुळे घटले की बुरशीमुळे, हे वेगळे काढता येत नाही, कारण शून्य पातळीच्या एका डिशमध्येही बिया कुजल्या आहेत. आधीच्या वर्षांच्या अहवालांतले आकडे पाहून तक्ता भरणे शक्य होते, पण ते माझ्या बियांचे आकडे नसते. न मोजलेले आकडे आपल्यापुढे ठेवण्यापेक्षा उशीर मागणे मला योग्य वाटले.

प्रयोगशाळा सहाय्यकांची परवानगी घेऊन मी काल, सोमवारी ९ फेब्रुवारीला, पूर्ण प्रयोग नव्याने लावला आहे. या वेळी बिया पूर्ण १० मिनिटे द्रावणात ठेवल्या, नंतर उर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुतल्या आणि प्रत्येक डिशमध्ये मोजून ५ मिलिलिटर द्रावण घातले. मिठाचे द्रावणही नव्याने केले: २०० मिलीमोलरसाठी लिटरला ११.६९ ग्रॅम सोडियम क्लोराइड, आणि त्यातूनच पाणी मिसळून बाकीच्या पातळ्या. डिश २० अंश सेल्सिअसच्या कक्षात आहेत. आज सकाळी पाहिले तेव्हा सगळ्या बिया फुगलेल्या होत्या आणि मीठ नसलेल्या डिशमध्ये काही बियांच्या टोकाशी मूलांकुराचा पांढरा ठिपका दिसू लागला होता. बुरशी अजून कुठेही नाही. मला पुन्हा येता आले नाही तर प्रयोग वाऱ्यावर राहू नये, म्हणून माझ्या गटातल्या मैत्रिणीने रोज एकदा डिश पाहून फोटो काढून ठेवायचे कबूल केले आहे.

२३ तारीख मी अंदाजाने मागितलेली नाही. गव्हाच्या अंकुरणाची पहिली मोजणी चौथ्या दिवशी आणि अंतिम मोजणी आठव्या दिवशी करायची असते, म्हणजे शेवटचे आकडे मंगळवारी, १७ फेब्रुवारीला हाती येतील. त्याआधी अंकुरणाची टक्केवारी निश्चित होत नाही आणि ही वाट मला कितीही धावपळ करून कमी करता येणार नाही. १८ आणि १९ तारखेला मूलांकुर व प्रांकुर यांच्या लांबीची मोजमापे तक्त्यात भरून अनोव्हा आणि आलेख पूर्ण करेन. शुक्रवारी, २० तारखेला दुसऱ्या विषयाची अंतर्गत परीक्षा आहे, म्हणून निष्कर्ष आणि चर्चेचा भाग २१ व २२ तारखेला लिहीन. २० तारीख मागितली असती तर कदाचित आपल्याला पुन्हा पत्र लिहावे लागले असते, आणि तसे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रयोगावर अवलंबून नसलेला भाग मात्र मी ठरलेल्या दिवशीच देईन. प्रस्तावना, साहित्य व पद्धती आणि संदर्भसूची तयार आहे. शुक्रवारी, १३ तारखेला तो भाग पहिल्या प्रयोगाच्या कच्च्या नोंदी आणि बुरशी लागलेल्या डिशच्या फोटोंसह आपल्याकडे जमा करेन. पहिल्या प्रयत्नात काय चुकले, ते पद्धतीच्या भागात लिहिले आहे. ते अहवालात ठेवावे की वगळावे, याबद्दल आपले मत कळले तर त्याप्रमाणे बदल करेन.

उशिराबद्दल नियमानुसार गुण कमी होणार असतील तर ते मला मान्य आहे. वर्गातल्या इतरांनी वेळेत काम केले आहे, त्यामुळे मला वेगळी सवलत मिळावी असा माझा आग्रह नाही. मुदतवाढ देणे आपल्याला शक्य नसेल, तर १३ तारखेला उरलेल्या सात डिशच्या नोंदींवर, त्यांच्या मर्यादा स्पष्ट लिहून, अहवाल जमा करेन. पण शक्य असल्यास पूर्ण प्रयोगावर लिहिण्याची संधी मिळावी, ही विनंती.

हे पत्र मी ६ तारखेलाच लिहायला हवे होते. शनिवार-रविवार जुन्या डिशमधून काही वाचवता येते का, हे पाहण्यात गेले आणि आपल्याला कळवायला चार दिवसांचा उशीर झाला, त्याबद्दल मी क्षमा मागते.

गुरुवारी, १२ तारखेपर्यंत आपला निर्णय कळला तर शुक्रवारी नक्की काय जमा करायचे ते मला ठरवता येईल. प्रत्यक्ष बोलायचे असल्यास बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी प्रात्यक्षिकानंतर आपल्या सोयीच्या वेळी डिश आणि नोंदवही घेऊन भेटायला येईन.

आपली विनम्र,
सायली
तृतीय वर्ष बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), हजेरी क्रमांक ३४
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

सोबत: वैद्यकीय प्रमाणपत्र, पहिल्या प्रयोगाचे फोटो