पत्रात बातमी हवी

टोरंटोत शनिवारचे सकाळचे साडेआठ वाजले, की बडोद्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. दांडिया बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावर कुमुदताई टॅब साखरेच्या डब्याला टेकवून बसायच्या. शेजारी वही, चष्मा आणि लाल पेन. मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांनी सारा जन्म शिकवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर बाकी सगळं सुटलं, लाल पेन तेवढं सुटलं नाही.

ईशान दहा वर्षांचा. त्याची मराठी शाळा रविवारी भरायची आणि गृहपाठ शनिवारी आजीच्या नजरेखालून गेल्याशिवाय दप्तरात जायचा नाही.

आज नवरात्रामुळे खालच्या चौकात गरब्याच्या माइकची चाचणी चालली होती. कुमुदताईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"दाखव."

पडद्यावर वही आली. वही कसली, नुसता अंगठा.

"अंगठा काढ रे. वर घे. अजून वर. आता लांब धर, सगळं धूसर दिसतंय. हां, बस्स."

आधीच्या शनिवारी ईशान पेन्सिल टाकून उठून गेला होता. आता एवढं मोठं झाल्यावर कशाला शिकायचं, त्याच्या वर्गातली पाच वर्षांची पोरंसुद्धा त्याच्यापेक्षा भरभर वाचतात, असं त्याचं म्हणणं. कुमुदताई रागावल्या नव्हत्या. त्यांनी त्याला गोपाळची गोष्ट सांगितली होती. नाशिककडच्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. तिथून शिकायला बसला. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला आणि १९०६ मध्ये त्याने सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. "माझी आजी त्यामुळे शाळेत गेली," कुमुदताई म्हणाल्या होत्या. "ती शिकली, तिने माझ्या आईला शिकवलं, आईने मला." ईशानने एवढंच विचारलं होतं, "बारा? म्हणजे माझ्याहून मोठा?" आणि पेन्सिल उचलली होती. एखाद्या मुलाला कशाने धीर येईल, हे चांगल्या शिक्षकाला बरोबर कळतं.

आजचा गृहपाठ होता आजी-आजोबांना पत्र.

"'प्रिय आजी' असं नाही लिहायचं. मोठ्यांना 'ती. आजीस' म्हणायचं. आणि खाली?"

"शिरसाष्टांग नमस्कार."

"शाब्बास. वाच पुढे."

"मी मजेत आहे. तू कशी आहे?"

"आहेस."

"तू कशी आहेस? इथे थंडी सुरू झाला."

"झाली. थंडी ती."

"झाली. आईने माझ्यासाठी नवा जाकीट आणला. बाबाला नवं काम मिळालं..."

"हे बरोबर लिहिलंस. नवं काम." कुमुदताईंनी खूण केली आणि चष्मा नाकावर चढवून पुढची ओळ त्याच्याआधीच वाचली.

*म्हणून आम्ही दिवाळीला बडोद्याला येनार नाही. तिकीटं कॅन्सल केली. बाबा तुला नंतर सांगनार आहे.*

ओट्यावर भाजणीचा डबा होता. सकाळीच गिरणीतून दळून आणलेली, अजून कोमट. ईशानला चकली आवडते म्हणून यंदा दुप्पट. गादीवाल्याकडून दोन गाद्याही पिंजून आल्या होत्या.

"आजी? तू फ्रीझ झालीस का?"

"नाही रे."

"हलत नाहीयेस. मी परत कॉल लावू?"

"नको. वाचत्येय मी." त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "येणार. सांगणार. दोन्हीकडे बाणातला ण."

ईशानने खोडून नीट लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. अर्ध्यात थांबला. वही खाली गेली आणि मघापासून न दिसलेला त्याचा चेहरा पडद्यावर आला.

"आजी, बाबाने तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"बाईंनी सांगितलं होतं, पत्रात बातमी हवी. माझ्याकडे हीच बातमी होती." त्याचा आवाज चिरकला. "मी ती ओळ खोडतो."

"मुळीच खोडायची नाही." कुमुदताईंचा वर्गातला आवाज खणखणीत होता, तो आला. मग त्या पुढे वाकल्या. "बाळा, इकडे बघ. पत्रात खरी बातमी लिहिली, यात चुकलं काय? मला वाईट वाटलं, ते तुम्ही येणार नाही म्हणून. तू लिहिलंस म्हणून नाही. शेवटची ओळ राहिली ना? वाच."

"मला खूप वाईट वाटला."

"वाटलं."

"मला खूप वाईट वाटलं. मी चकली खाणार होतो आणि आपण कमाटी बागेत जाणार होतो."

या ओळीत एकही चूक नव्हती. कुमुदताईंनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

"बाबाला बोलव."

अनिकेत टॉवेलला हात पुसत आला. मुलाचा चेहरा, आईचा चेहरा, मग वही, असं पाहून त्याला सांगायची गरज उरली नाही.

"आई, मी उद्या फोन करणारच होतो. नवीन जागा आहे, सहा महिने रजा मागता येत नाही. तू तयारीला लागली असशील, म्हणून मला सांगायला..."

"तयारीला लागले म्हणूनच आधी सांगायचं, अनिकेत. नोकरी मिळाली याचा आनंद तरी झाला असता मला. तोही तू आठवडाभर दाबून ठेवलास."

अनिकेत काही बोलला नाही. आईसमोर तो अजून तसाच उभा राहायचा, हात मागे घेऊन.

"कुठली नोकरी? पगार बरा आहे? जायला लांब पडतं का?"

त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग बऱ्याच उत्साहाने. कुमुदताईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये विचारलंही. खाली कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" म्हणत होतं.

"हंसाबेनची सून पंधरा तारखेला तिकडे निघाली आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याबरोबर भाजणी पाठवते. चकली तुम्ही करा. मोहन गरम घाल आणि सोऱ्या चांगला दाबून भर, नाहीतर तुटते. तुम्ही कधी येताय?"

"पुढच्या वर्षी. जुलैत बहुतेक. ईशानची शाळा जूनअखेर संपते."

"बहुतेक नको. ईशान, पत्रावर तारीख घातली नाहीस तू. वर उजव्या कोपऱ्यात आजची घाल. आणि शेवटी ताजा कलम करून बाबा सांगेल ती तारीख लिही."

अनिकेतने खिशातून फोन काढला. बराच वेळ कॅलेंडर सरकवत राहिला, स्वयंपाकघराकडे वळून बायकोला काहीतरी विचारलं.

"चार जुलै. शनिवार."

"ता. क.," ईशान लिहिता लिहिता म्हणाला. "आम्ही चार जुलैला येणार. आजी, ण बरोबर आहे. बघ." मग डोकं वर करून, "जुलैत नदीत मगरी असतात का? बाबा म्हणतो, गावातच दिसतात."

"विश्वामित्रीत? बारा महिने असतात. पावसाळ्यात पाणी वाढलं की कधी कधी रस्त्यावरसुद्धा येतात."

"रस्त्यावर? खरी मगर?"

"खरी. मग वनखात्याची माणसं येतात आणि दोरीने बांधून घेऊन जातात."

"थांब, थांब, हे लिहू दे मला," ईशान म्हणाला आणि वहीचं पान उलटलं. "मगर ती की तो?"