हिंगणघाटची कबर: भूमापनाच्या धड्याची नवी संहिता

(चमूसाठी: जुना मसुदा 1767 मधल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थापनेपासून सुरू व्हायचा आणि पहिल्या मिनिटात सहा सनावळ्या सांगायचा. त्या सगळ्या काढल्या. आता एकच माणूस आणि एकच प्रश्न. उत्तर थिओडोलाइटच्या प्रसंगानंतरच द्यायचं, आधी पट्टीवरही नको.)

दृश्य 1: बैलगाड्या, तंबू, धूळ. संगीत नाही.

निवेदन: जानेवारी 1823. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला एक तांडा हिंगणघाटला थांबलाय. तंबूत सत्तरीचा एक इंग्रज अधिकारी आजारी पडून आहे. नाव विल्यम लॅम्बटन. 20 जानेवारीला तो इथेच जातो. त्याच्या सामानात अर्धा टन वजनाचं पितळी यंत्र आहे. नागपूरला त्याला ना किल्ला घ्यायचाय, ना सारा वसूल करायचाय. मग या वयात, हे धूड ओढत, तो उत्तरेला कशासाठी निघाला होता?

(इथे दोन सेकंद शांतता. निवेदकाने घाई करू नये.)

दृश्य 2: मद्रासजवळचं सपाट मैदान. साखळीचा क्लोजअप.

निवेदन: एकवीस वर्षं मागे जाऊ. 10 एप्रिल 1802, सेंट थॉमस माउंटजवळ. लॅम्बटन जमिनीवर एक सरळ रेघ मोजतोय, सुमारे बारा किलोमीटरची. हातात शंभर फुटांची पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांचे चाळीस दुवे. ती जमिनीवर टाकायची नाही. तिवयांवर लाकडी पन्हाळी, पन्हाळीत साखळी आणि शेजारी थर्मामीटर.

थर्मामीटर कशाला? पोलाद उन्हात वाढतं. तापमान दहा अंश सेल्सिअसने चढलं की ही साखळी साडेतीन मिलिमीटरने लांबते. एवढ्याशाने काय बिघडतं? पण साखळी मांडायची आहे चारशे वेळा. चूक होते जवळपास दीड मीटरची. हा दीड मीटर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दृश्य 3: ॲनिमेशन. एका रेघेवर एक त्रिकोण, मग दुसरा, मग तिसरा.

निवेदन: ही रेघ म्हणजे पाया. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरचा एकच झेंडा पाहायचा आणि दोन कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, तिकडे चालत जावं लागत नाही. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी साखळी देशभर नेता येते. पण पहिल्याच पायातली चूक प्रत्येक त्रिकोणात उतरते.

दृश्य 4: तंजावरचं बृहदीश्वर मंदिर, खालून वर.

निवेदन: 1808. तंजावरचा मुलूख सपाट, त्यात माडांची गर्दी. कोन मोजायला उंच जागा एकच, मंदिराचं शिखर. दोरखंडांनी थिओडोलाइट वर चढवतात. (आवाज: दोर ताणल्याची करकर.) दोर तुटतो. यंत्र भिंतीवर आदळतं आणि कोन मोजायची पितळी चकतीच वाकते.

दुसरं यंत्र मागवायचं तर ते इंग्लंडहून येणार. लॅम्बटन तंबूत बसतो. फळीवर अचूक वर्तुळ आखतो आणि पाचरी, स्क्रू लावून चकती थोडी थोडी ओढत त्या वर्तुळात बसवतो. सुमारे सहा आठवडे. तेच यंत्र पुन्हा कामाला लागतं.

दृश्य 5: पृथ्वीचा गोल, ध्रुवांशी किंचित दाबलेला. (जास्त दाबू नका, खरा दाब डोळ्यांना दिसतही नाही. दाखवायला वाढवलाय, अशी पट्टी द्या.)

निवेदन: नकाशासाठी एवढा अट्टहास लागत नाही. लॅम्बटनला हवा होता पृथ्वीचा आकार. ती ध्रुवांशी चपटी आहे हे माहीत होतं. किती चपटी, ते मोजायचं होतं. चपट्या भागाचा वळसा सौम्य, म्हणून तिथे एक अंश अक्षांश ओलांडायला जास्त अंतर कापावं लागतं. भारताच्या दक्षिण टोकाशी, 8 अंशांजवळ, हा एक अंश साधारण 110.6 किलोमीटरचा. 18 अंशांजवळ तो फक्त 85 मीटरने मोठा.

आता तो दीड मीटर आठवा. बारा किलोमीटरच्या पायात तेवढी चूक राहिली, तर पूर्ण अंशात ती सुमारे तेरा मीटर होते. शोधायचा फरक 85 मीटरचा आणि चूकच तेरा मीटरची!

दृश्य 6: नकाशा. दक्षिण टोकापासून वर सरकणारी त्रिकोणांची रांग.

निवेदन: लॅम्बटनच्या हयातीत ही रांग बिदरपर्यंत आली, जवळजवळ दहा अंश. तो निघाला होता ती आणखी उत्तरेला न्यायला. हिंगणघाटला त्याची वाट संपली. काम मदतनिसाकडे गेलं. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट.

(नावानंतर शिखराचं चित्र दाखवू नये. तो वेगळा धडा आहे, आणि ते दिसलं की लॅम्बटन विसरला जातो.)

दृश्य 7: नकाशावर हिंगणघाटचा ठिपका, 20 अंश 33 मिनिटे. त्रिकोण त्याच्या पातळीच्या वर जातात.

निवेदन: 1825 च्या सुरुवातीला एव्हरेस्टने मध्य भारतात सिरोंजला नवा पाया मोजून पूर्ण केला. 24 अंशांवर. हिंगणघाट खाली राहिलं होतं.