टांझानियातील कच्च्या काजू बीसाठी दरपत्रकाची मागणी

कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. परबसाहेब,
निर्यात विभाग, दार एस सलाम, टांझानिया

विषय : २०२५-२६ हंगामातील १०० टन कच्च्या काजू बीचे दरपत्रक मिळणेबाबत

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात फोनवर बोलल्याप्रमाणे मागणी लेखी पाठवत आहे. मराठीतच लिहा, असं तुम्ही म्हणालात ते बरं झालं. करार इंग्रजीत होईलच, पण त्याआधी आमची गरज नेमकी काय आहे ते तुमच्यापर्यंत नीट पोचावं.

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. दिवसाला दीड टन बी उकडून फोडतो. मार्च ते मे आम्ही इथलीच वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ घेतो. हा साठा डिसेंबर संपेपर्यंत पुरतो. पुढे नवी बी बाजारात येईपर्यंत सोलणीवरच्या ३८ बायकांना काम देता येत नाही. तुमच्याकडचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, तो नेमका आमच्या या खंडात बसतो. म्हणून टांझानियाचाच माल हवा आहे.

परिमाण : एकूण १०० टन, दोन हप्त्यांत. पहिले ५० टन म्हणजे ४० फुटी दोन कंटेनर, दुसरे तेवढेच. एका कंटेनरात तुम्ही प्रत्यक्ष किती टन भरता ते कळवा. २५ टनांच्या जवळपास धरून मी हिशेब केला आहे. दर ५० टनांचा वेगळा आणि १०० टनांचा वेगळा द्यावा. दुसरा हप्ता पहिल्याचा उतारा पाहूनच उचलू, ही अट दरपत्रकात यावी.

प्रत : माल याच हंगामातला, म्त्वारा किंवा लिंडी भागातला. गेल्या वर्षीची बी मिसळलेली चालणार नाही. उतारा ८० किलोला ५० पौंड, काउंट किलोला २०० नगांपर्यंत, ओलावा जास्तीत जास्त १० टक्के. नवीन ज्यूटच्या पोत्यांत, प्रत्येक पोत्यावर लॉट नंबर.

उताऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमचं सगळं त्यावर आहे. ५० पौंड म्हणजे ८० किलो बीमागे २२.६८ किलो गर, शंभर किलोला २८.३५. ५० टनांत ८० किलोचे ६२५ हिस्से होतात. एक पौंड कमी पडला की ६२५ पौंड, म्हणजे २८३ किलोंहून जास्त गर गेला. आमच्यासारख्या कारखान्याला हा फटका सोसत नाही. म्हणून ५० च्या खाली प्रत्येक पौंडामागे दरात किती कपात धरता, ते आकड्यात लिहा. ४७ च्या खाली उतारा आल्यास माल नाकारण्याचा हक्क आमच्याकडे राहील.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही एक कंटेनर घेतला होता. कागदावर ओलावा ९ टक्के होता. दार उघडलं तेव्हा वरच्या पोत्यांवर पाणी सुटलेलं, आणि हात घातला तर आतली बी कोमट लागली. एक किलो बी कापून बघितली, तर गरावर काळे ठिपके आणि बुरशी. कोरड्या दिसणाऱ्या पोत्यांतलाही गर ड्रायरमधून पिवळाच निघाला, त्यामुळे पांढऱ्या ग्रेडचा माल फारच थोडा हाती लागला. म्हणून माल भरण्यापूर्वी बी किती दिवस वाळवता, गोदामात किती दिवस राहते, आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या आणि कागदाचं अस्तर लावता का, हे तिन्ही स्पष्ट कळवावं. अस्तराचा खर्च वेगळा लागत असेल तर तो आम्ही देऊ.

तपासणी : भरताना त्रयस्थ संस्थेकडून उतारा, काउंट आणि ओलावा तपासून अहवाल हवा. खर्च तुमचा की आमचा, ते लिहा. न्हावा शेव्याला माल उतरल्यावर आम्हीही तपासून घेऊ. दोन्ही अहवालांत एक पौंडाहून जास्त फरक पडला तर कुठला धरायचा? माझं म्हणणं, उतरण्याच्या बंदरातला, कारण पैसे आम्ही त्या मालाचे देतो जो आमच्या हातात येतो. तुमची अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, मधला मार्ग काढू. वजनातही तसंच : अर्ध्या टक्क्यापर्यंतची घट आम्ही सोसू, त्यापुढची तुमची.

पोच : पहिला हप्ता १० जानेवारी २०२६ पर्यंत न्हावा शेव्याला लागावा, दुसरा १० फेब्रुवारीपर्यंत. दर टनाला डॉलरमध्ये, इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे दोन प्रकारे द्या : एफओबी म्त्वारा आणि सीआयएफ न्हावा शेवा. सीआयएफमध्ये विमा सगळ्या जोखमींचा आणि बीजकाच्या ११० टक्के रकमेचा धरावा. बंदरात कंटेनर किती दिवस विनाशुल्क ठेवता येतो, तेही कळवा. आम्हाला निदान १४ दिवस लागतील, कारण तपासणी आणि कस्टम आटोपून गाड्या कोकणात यायला वेळ जातो. मुरगावला किंवा मंगळूरला जाणारी बोट मिळत असेल तर तोही दर द्या, त्यातलं मुरगाव आम्हाला जवळ पडतं.

दराबाबत : तुमच्याकडे बी सहकारी संस्थांमार्फत लिलावात विकली जाते आणि पहिला लिलाव होईपर्यंत भाव ठरत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून आज पक्का दर मागत नाही. लिलावभाव सोडून तुमचा बाकीचा खर्च, म्हणजे गोदाम, वाहतूक, सरकारी आकार, निर्यात कर, तुमचा नफा, हा टनाला किती, ते एका आकड्यात द्या. लिलाव झाला की त्यात भाव मिळवू आणि ४८ तासांत होकार किंवा नकार कळवू. पक्का दर देण्याची तयारी असेल तर तो किती दिवस टिकेल, तेवढं लिहा.

पैशांबाबत तीन प्रश्न. आमची बँक ॲट साइट एलसी उघडायला तयार आहे. तुम्हाला चालेल का, आणि तुमच्या बाजूचे बँक आकार कोण भरणार? आगाऊ रक्कम हवीच असेल तर जास्तीत जास्त १० टक्के देता येईल, तीही तुमच्या बँकेच्या हमीवर. आणि बिलाची शेवटची १० टक्के रक्कम इथल्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवली तर चालेल का? हा तिसरा मुद्दा मान्य झाला तर बाकी अटींवर मी ताणणार नाही.

कागदपत्रांत बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, फायटोसॅनिटरी दाखला, धुरीकरणाचा दाखला आणि मूळ देशाचा दाखला लागेल. तो शेवटचा दाखला अल्पविकसित देशांसाठीच्या भारताच्या शुल्क सवलत योजनेच्या नमुन्यातच हवा, साधा चालत नाही. बोट सुटण्याआधी सगळ्यांच्या प्रती ईमेलने पाठवा; नावात एक अक्षर चुकलं तरी कंटेनर बंदरात अडकतो.

दरपत्रक २५ सप्टेंबरपर्यंत मिळावं. सोबत गेल्या हंगामात भारतात पाठवलेल्या एखाद्या लॉटचा तपासणी अहवाल जोडलात तर आमचा विश्वास वाढेल. दोन किलोचा नमुना कुरिअरने पाठवायला कुठले कागद लागतील ते इथे विचारून ठेवते, पहिला लिलाव झाला की पाठवा.

कळावे,

आपली,
सौ. गावडे
संचालिका, काजू प्रक्रिया कारखाना, कुडाळ