क्लिनिकल जर्नल: फीमेल मेडिसिन वॉर्ड, डिसेंबर

बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष, नागपूर

सोमवार, सकाळची ड्युटी

रुग्णाचं नाव, गाव आणि बेड नंबर लिहीत नाही. विशीतली मुलगी, गडचिरोलीकडची. सिकलसेल, एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. रात्री दाखल झाली, दोन्ही पाय आणि कंबर दुखत होती. सोबत आई, आईच्या पिशवीत मुलीचं सिकलसेलचं लाल कार्ड.

हँडओव्हरमध्ये रात्रीच्या सिस्टर म्हणाल्या, "तशी शांत आहे, फोनवरच असते." मी गेले तेव्हाही ती फोनच पाहत होती. नाडी ९२, बीपी ११०/७०, ताप नाही, ऑक्सिजन ९७. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारलं, तर "पाच" म्हणाली. आई मागून बोलली, "पाच नाही जी. रात्रभर दात खाऊन होती. लय दुखते तिले, सांगत नाही."

मग मी आकडा सोडला आणि विचारलं, मागच्या वेळी भरती होतीस त्यापेक्षा कमी की जास्त? ती थोडी थांबली. "तेव्हा मी नऊ सांगितलं होतं. तं ते म्हणे, नऊ असतं तर फोन पाहता आला असता का? तवापासून मी पाचच सांगते."

हे जर्नल ज्यावर लिहायचं त्या गिब्जच्या चिंतन-चक्रात (१९८८) दुसरी पायरी भावनांची. मॅडम म्हणतात, तिथे 'वाईट वाटलं' लिहून सुटका करून घेऊ नका. तर, मला राग आला, आणि तो त्या कुठल्याशा दवाखान्यातल्या माणसापेक्षा त्या प्रश्नावर जास्त आला. ऐकायला किती तर्कशुद्ध वाटतो! दुखत असेल तर माणूस विव्हळेल, नाडी वाढेल, फोन हातातून पडेल. पण ही मुलगी लहानपणापासून हे दुखणं घेऊन जगते आहे. विव्हळून काही मिळत नाही हे तिला कधीच कळलं असणार. फोन म्हणजे तिने स्वतः शोधलेलं औषध: लक्ष दुसरीकडे नेणं. पुस्तकात आपण त्यालाच 'डिस्ट्रॅक्शन' म्हणतो आणि केअर प्लॅनमध्ये आपल्या नावावर लिहितो.

विश्लेषणात लिहायचं ते एवढंच. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या हाडाला ऑक्सिजन पोचत नाही, तेच दुखतं. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसेलच असं नाही. हिमोग्लोबिनवरून दुखणं मोजता येत नाही. नाडी-बीपी नॉर्मल असू शकतात. म्हणजे तिच्या शब्दाशिवाय आपल्याकडे दुसरा पुरावाच नाही. मार्गो मॅककॅफरी या नर्सने १९६८ मध्येच मांडलं होतं की रुग्ण जे सांगतो तेच त्याचं दुखणं. परीक्षेत त्याचं उत्तर सगळ्या मुली लिहितात. वॉर्डात मात्र 'ही नेहमीचीच', 'इंजेक्शनची सवय लागलीये' ही वाक्यं त्याच तोंडांतून येतात.

मी स्टाफ सिस्टरना सांगितलं: रुग्ण पाच म्हणते, पण विश्वास ठेवणार नाहीत म्हणून कमी सांगते, आई रात्रीचं वेगळं सांगते. सिस्टर स्वतः बेडपाशी आल्या, स्टुलावर बसल्या. "खरं सांग बेटा, आमच्याकडे कोणी हसत नाही." आठ निघाले. रेसिडेंट डॉक्टरांनी औषधाची ऑर्डर बदलली, सिस्टरनी ट्रॅमाडॉल सलाईनमधून दिलं. अर्ध्या तासाने मी पुन्हा विचारलं, सहा. तेही कळवलं. ताप, नाडी, श्वास लिहायच्या टीपीआर चार्टवर या सहाला जागाच नव्हती, म्हणून नर्सेस नोट्समध्ये वेळेसकट लिहिलं आणि सिस्टरनी सही केली.

मंगळवार, सकाळ

इनटेक चार्टवर रात्रभरात जेमतेम दोन ग्लास पाणी. सिकलमध्ये पाणी कमी पडलं की पेशी आणखी चिकटतात, त्यामुळे 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य मी आल्या आल्या म्हणायला तयारच होते. त्याऐवजी आधी विचारलं, पाणी का पीत नाहीस?

"बाथरूम तिकडं टोकाला आहे. पाय टाकवत नाही. आईले किती वेळा उठवू?"

दोन वर्षांत मी 'फ्लुइड्स वाढवा' किती केअर प्लॅनमध्ये लिहिलं असेल. एकाही रुग्णाला बाथरूम किती लांब आहे हे त्यात कधी आलं नाही. इन्चार्ज सिस्टरना विचारून तिला बाथरूमजवळच्या बेडवर हलवलं, मावशींनी बेडपॅनही ठेवला. नवीन बेड खिडकीखाली होता आणि या दिवसांत नागपूरची पहाट हाडात शिरते. थंडीने दुखणं पुन्हा उसळू शकतं हे तिच्या आईला माझ्याआधी माहीत होतं. तिने खिडकीच्या फटीत साडी कोंबली होती. आम्ही बेड एक हात पुढे ओढला, आणखी एक ब्लँकेट आणलं. कंबरेला गरम पाण्याची पिशवी, टॉवेलमध्ये गुंडाळून. दुपारपर्यंत पाण्याचा जग रिकामा झाला.

बुधवार

इतर रुग्ण जास्त होते, ड्रेसिंगं आणि दोन डिस्चार्ज. तिचं दुखणं पाच. आज विचारून घेतलं, खरंच पाच.

गुरुवार, दुपारची ड्युटी

राऊंडला डॉक्टरांनी छातीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. ताप, खोकला, छातीत दुखणं, ऑक्सिजन घसरणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवायचं, कारण अक्यूट चेस्ट सिंड्रोम पटकन बिघडतो. कंबर दुखते म्हणून ती श्वास वर-वरच घेत होती. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर दिलं. तिने आधी फुंकर मारली, सगळेच मारतात. आत ओढायचं, हे मी स्वतः ओढून दाखवलं. जागी असताना दर दोन तासांनी दहा वेळा. तिसरी गोळी वर गेली तेव्हा शेजारच्या बेडवरच्या आजी म्हणाल्या, "हे मलेही द्या नं!" त्यांना मधुमेहाची जखम आहे, तरी हट्ट कायम.

संध्याकाळी आई जवळ येऊन बसली. धाकट्या मुलाची तपासणी केलेली नाही. "त्याले काही होत नाही जी, मंग कायले?" मला माहीत होतं ते साध्या भाषेत सांगितलं: आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक असण्याची. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणूनच तपासल्याशिवाय कळत नाही. तिने लगेच मुलीच्या लग्नाचं विचारलं, आणि इथे मी थांबले. ते समुपदेशकाचं काम आहे आणि मुलगी तिथेच पडून ऐकत होती. तिच्या लग्नाबद्दल तिच्या डोक्यावरून बोलणं मला पटलं नाही. सिस्टरना सांगून उद्या सिकलसेल समुपदेशकांशी दोघींची भेट ठरवली. मुलगी म्हणाली, "आधी मी एकटी बोलीन." तसंच कळवलं.

पुढचं

आकडा विचारल्यावर 'मागच्या वेळेपेक्षा?' हा दुसरा प्रश्न विचारणार. दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या तासाने परत विचारून लिहिणार, उत्तर तेच आलं तरी. पाणी प्या म्हणण्याआधी बाथरूमची वाट पाहून येणार.

मॅडमना विचारायचं: टीपीआर चार्टमध्ये दुखण्याचा एक रकाना हाताने आखला तर चालेल का, की त्यासाठी मेट्रन ऑफिसला अर्ज द्यावा लागतो? शनिवारच्या केस प्रेझेंटेशनला हीच केस घ्यायची आहे, तिची परवानगी उद्या विचारते.