रविवारी गच्चीवर याल का?

काकू, नमस्कार. गेल्या पावसाळ्यात तुम्ही माझ्याकडून खताची बादली नेलीत आणि आठवड्याभरात फोन केलात, "अगं, वास मारतोय, अळ्या झाल्यात!" मी घाईत होते, नुसतं "सुका पाला घाला" म्हणून फोन ठेवला. ते मनात राहिलंय.

येत्या रविवारी सकाळी 10 ते 12, कोथरूडला आमच्याच गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खताची कार्यशाळा घेतेय. पैसे नाहीत, आणि काही विकणारही नाही. पाला किती, कोकोपीट किती, ओल हाताने दाबून कशी ओळखायची, सगळं करून बघू. तुमची बादली आहे तशी आणा, वासासकट! गच्चीपर्यंत लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको. पंधराच जणांची जागा आहे, म्हणून शुक्रवारपर्यंत कळवा. चहा आहेच.