सणासाठी हाताने केलेल्या सुगंधी मेणबत्त्या

या वेळी पाच प्रकार केलेत. जार आणि डब्या सोया मेणाच्या, वात सुती, आणि एका बॅचला फक्त 24 जार, कारण आमचं मेण वितळवायचं भांडंच तेवढं आहे. मेण 70 अंशांच्या आसपास आलं की वासाचं तेल घालायचं, दोन मिनिटं सावकाश हलवायचं (घाईत ढवळलं की बुडबुडे होतात), ओतायचं आणि मग दोन आठवडे झाकून ठेवून द्यायचं. हे दोन आठवडे कुणाला दिसत नाहीत पण वास मेणात मुरतो तो तेव्हाच.

मोगरा, जार, 180 ग्रॅम

संध्याकाळी घर आवरून झालंय, पाहुणे यायला अजून अर्धा तास आहे, त्या वेळेसाठी ही. झाकण उघडून हुंगलं तर वास जरा तिखट वाटेल, पेटवल्यावर तो मऊ होतो आणि वीसेक मिनिटांत खोलीभर पसरतो. मध्यम आकाराच्या खोलीला पुरते. मोठ्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात ठेवली तर दुसऱ्या कोपऱ्यात वास जाणार नाही, ते आधीच सांगतो. खऱ्या फुलांचा अर्क यात नाही, मोगऱ्याच्या वासाचं फ्रॅग्रन्स ऑइल आहे. सात तेलं मागवून पेटवून पाहिली, त्यातली पाच साबणासारखी वाटली, एक डोक्यात गेलं, आणि हे उरलं. आम्ही लावून बघितली तेव्हा साधारण 36 तास चालली, तुमच्याकडे वारा लागत असेल तर थोडी कमी चालेल.

संत्रं-दालचिनी, जार, 180 ग्रॅम

पाचातली सगळ्यात बोलकी हीच. दार उघडणाऱ्याला आत काहीतरी चाललंय हे कळतं, म्हणून सणाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर शोभते. आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, तो पटकन उडतो, आणि मग दालचिनी बराच वेळ रेंगाळते, त्यामुळे पहिल्या तासाला आणि तिसऱ्या तासाला मेणबत्ती वेगळी वाटली तर ती बिघडलेली नाही. जेवायच्या टेबलावर मात्र नको, जेवणाचा वास दबतो. ज्यांना उग्र वासाने डोकं चढतं त्यांना भेट म्हणून हीसुद्धा नको, त्यांच्यासाठी खालची बघा.

मधमाशांच्या मेणाची, उभी, 220 ग्रॅम

हिच्यात आम्ही वास घातलेलाच नाही. मधमाशांच्या मेणाला स्वतःचा एक हलका, मधासारखा वास असतो तेवढाच, आणि तोही जवळ बसलं तरच जाणवतो. रंगही मेणाचाच, पिवळसर, त्यामुळे दोन मेणबत्त्या शेजारी ठेवल्या तर तंतोतंत सारख्या दिसणार नाहीत. हे मेण सोयापेक्षा कडक, 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून जारशिवाय उभी राहते. काही आठवड्यांनी वर पांढुरकी साय आल्यासारखं दिसेल. पहिल्यांदा एकांनी ती बुरशी समजून परत पाठवली होती आणि चूक आमचीच, आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. मऊ कापडाने पुसा, निघते, आणि नाही पुसली तरी बिघडत काही नाही. खाली ताटली हवीच.

ज्यांच्याकडे सगळं आहे आणि काय द्यावं सुचत नाही अशांना आम्ही तरी हीच देतो.

व्हॅनिला, जार, 180 ग्रॅम

साधी, गोड, उशिरा रात्री सगळे गेल्यावर पाय वर घेऊन बसायची. पांढरी विकत घेताय पण महिन्याभरात ती चहाच्या रंगाकडे झुकेल हे लक्षात घ्या, कारण व्हॅनिलाच्या तेलातल्या व्हॅनिलिनमुळे मेण तपकिरी होतं. वासाला त्याचा काही धक्का लागत नाही. रंग टिकवायला वेगळं रसायन मिळतं, आम्ही घालून पाहिलं, वास थोडा फिका वाटला म्हणून सोडून दिलं.

छोट्या डब्यांचा सेट: लव्हेंडर, चंदन, मोगरा, प्रत्येकी 60 ग्रॅम

समोरच्याला कुठला वास आवडतो हे माहीत नसेल तर मोठा जार देऊन जुगार खेळू नका, हा सेट द्या. प्रत्येक डबी अंदाजे बारा तास जळते. लव्हेंडरने झोप लागते, ताण जातो वगैरे आम्ही लिहिणार नाही. दिवे मंद करून शांत बसलात तर बरं वाटेल, त्यात लव्हेंडरचा वाटा किती आणि शांत बसण्याचा किती ते तुम्ही ठरवा. चंदन म्हणजे चंदनाच्या वासाचं मिश्रण, खरं चंदनतेल नाही. डबी जळताना तापते, हातात उचलू नका.

भेट म्हणून पाठवायची असेल तर

कुठलाही जार जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदाच्या कातरणात बसवून येतो, वर सुती दोरी आणि एक छोटं कार्ड. चमकी लावत नाही, ती सहा महिने घरभर सापडते. कार्डावर दोन ओळी हाताने लिहून देतो, मजकूर तुमचा, अक्षर आमचं. सोया मेणाच्या वरच्या थरावर कधीकधी काचेवर दव साचल्यासारखी पांढरी नक्षी उमटते, थंडीत जास्तच, तो या मेणाचा स्वभाव आहे, माल जुना नाही. पण काच तडकलेली आली किंवा वात एका बाजूला कललेली असली तर फोटो पाठवा, दुसरी देतो, वाद घालत नाही.

पेटवताना

सगळ्यात महत्त्वाची पहिली वेळ. काचेच्या कडेपर्यंत सगळा थर वितळेपर्यंत विझवू नका, आमच्या साडेसात सेंटिमीटरच्या जारला साधारण तीन तास लागतात. अर्ध्या तासात विझवली तर मधे खड्डा पडतो आणि पुढच्या वेळीही ती त्याच खड्ड्यात जळत जाते, कडेचं मेण तसंच राहतं. म्हणजे पाहुणे दहा मिनिटांसाठी येणार असतील तर नवीन जार काढूच नका. दर वेळी पेटवायच्या आधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, नाहीतर टोकाला काजळीचा गोळा होतो आणि काच काळी पडते. सलग चार तासांपेक्षा जास्त नाही. तळाला बोटभर मेण उरलं की थांबा, काच जास्त तापते. पडद्याजवळ नको, पंख्याखाली नको, लहान मुलं किंवा मांजर एकटं असलेल्या खोलीत तर अजिबात नको.

रिकामा जार गरम पाण्याने धुतला की मेण निघतं, फक्त ते सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते, कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

ऑर्डर सणाच्या निदान तीन आठवडे आधी द्या. त्यानंतर सांगितलंत तर तयार असलेल्यातलंच देता येईल, न मुरलेला जार आम्ही पाठवत नाही. आत्ता मोगऱ्याचे 11 जार शिल्लक आहेत, व्हॅनिलाचे 6, संत्रं-दालचिनीची बॅच कालच ओतलीये.